एका ओळीत एकच ‘ए’

कापसाची ती पडती वर्षं होती. महागावला एका पाणलोट प्रकल्पाच्या कार्यालयात मी क्षेत्र समन्वयक म्हणून लागले होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. कामाचा दिवस मुकादम ठरवायचा आणि आई-बाबा तो पाळायचे. निर्णय हा दुसऱ्या कोणाचा असतो, हे मी तिथंच शिकले होते.

फुलसावंगीकडच्या एका नाल्यावर आमच्या प्रकल्पाने बंधारा बांधला होता. पावसाळा सरताना त्याच्या खांबांमधल्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या लोखंडी फळ्या, एकावर एक बसवायचे, की पाणी अडतं आणि काठच्या विहिरी जगतात. घाई केली आणि पूर आला तर पाणी वावरांत शिरतं. उशीर केला तर नाला वाहून कोरडा होतो. आदल्या वर्षी उशीरच झाला. अभियंता आमच्या प्रकल्पप्रमुख साहेबांच्या होकाराची वाट पाहत होता, गावची समिती अभियंत्याची आणि मी समितीची. बरगे शेडमध्येच राहिले. कापूस आधीच गेला होता, मग हरभराही गेला.

या वर्षी तसं होऊ नये म्हणून नागपूरहून एक प्रशिक्षक बाई आल्या. त्यांनी मोठ्या कागदावर तक्ता आखला. डावीकडे कामं, वर माणसं. चौकोनात एकेक अक्षर. जो प्रत्यक्ष काम करतो तो ‘आर’. काम झालं की नाही याचं उत्तर ज्याला द्यावं लागतं आणि शेवटचा शब्द ज्याचा, तो ‘ए’. ठरवण्याआधी ज्याचं मत घ्यायचं तो ‘सी’. ठरल्यावर ज्याला कळवायचं तो ‘आय’. ‘आर’ कितीही चालतील, पण एका ओळीत ‘ए’ एकच.

तक्ता भरून झाला तेव्हा प्रत्येक ओळीत ‘ए’ साहेबांनाच होता. कोणी तसं ठरवलं नव्हतं. मोठं माणूस समोर बसलेलं असताना दुसऱ्याला तो देणं म्हणजे लग्नात मुख्य पाहुण्याला सोडून भलत्याच्याच डोक्यावर फेटा बांधणं.

समितीचे अध्यक्ष काका मात्र बरग्यांच्या ओळीत स्वतःच्या नावाखाली ‘आय’ पाहून रुसले होते.

“मले नुसतं कळवनार? कळवाले तं दवंडी बी पुरते.”

बाईंनी विचारलं, पूर आला तर पाणी आधी कोणाच्या वावरात शिरतं? काकांच्याच. मग त्यांचं मत ठरवण्याआधीच हवं, मान म्हणून नाही, त्यांना ते भोगावं लागतं म्हणून. काका ‘सी’ झाले. अहवालाच्या ओळीतला ‘आय’ त्यांनी हसत ठेवून घेतला.

मग बाई साहेबांकडे वळल्या. “बरगे टाकायचा दिवस ठरवताना तुम्ही कुठे असाल?”

साहेबांनी तक्त्याकडे पाहिलं. “नागपूरला. बैठकीत.”

ते उठले, मार्कर घेतला, त्या ओळीतला स्वतःचा ‘ए’ खोडला आणि तिथं ‘आय’ लिहिला. मग माझ्या नावाखाली ‘ए’ लिहिला. मी उभी राहिले.

“तुम्ही रोज नाल्यावर असता,” ते म्हणाले. “अभियंत्याला विचारा, काकांना विचारा, मग तुम्ही ठरवा. माझी सही लागणार नाही. वर कोणी विचारलं तर मी तुमच्या बाजूनं उभा राहीन.”

स्वतःच्या हातातला अधिकार एवढ्या शांतपणे खाली ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

तो दिवस लवकरच आला. नाल्याची धार बारीक होत होती, पण पश्चिमेला ढग होते. अभियंता म्हणाला, आजच टाका, नाहीतर गेल्या वर्षीसारखं होईल. काका म्हणाले, “अजून एक पूर हाय, पोरी. माह्या वावरात शिरन थो.”

दोघांनाही विचारायचं होतं, दोघांनाही विचारलं, आणि दोघांची मतं उलटी. मी साहेबांना लावायला फोन हातात घेतला आणि थांबले. त्यांना विचारायचं नव्हतं, कळवायचं होतं. आणि कळवण्याजोगं अजून काही झालंच नव्हतं.

मी ठरवलं: खालचे बरगे आज, वरचे आभाळ निवळल्यावर. खालच्यांनी थोडं पाणी अडेल आणि पूर आलाच तर वरून निघून जाईल, हे दोघांना सांगितलं. मिस्त्री आणि गावच्या पोरांनी दोर लावून खालचे बरगे उतरवले, फटीत रबर ठोकलं.

दुसऱ्या दुपारी पूर आलाच. बरग्यांवरून गढूळ पाणी धावत गेलं, काकांच्या धुऱ्याला, वावराच्या बांधाला, लागलं आणि तिथूनच ओसरलं. आभाळ मोकळं झालं तसे वरचे बरगेही बसले. मग मी फोन केला.

“सर, बरगे बसले.”

“बरं,” साहेब म्हणाले. का, कसं, कोणाला विचारून, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही.

त्या दिवसांत मी नाल्यावर नुसती उभी राहायला जायचे. पाणी आवाज न करता मागे चढत होतं, बाभळींच्या बुंध्यापर्यंत, मग वळणाच्या पार पलीकडे. एवढं पाणी माझ्या एका शब्दावर थांबलंय, हे डोक्यात मावत नव्हतं. एके सकाळी काका त्यांच्या विहिरीत वाकून पाहत होते. खालच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या.

“तू माहं पुरतं आयकलं नाही,” ते वर न बघताच म्हणाले. “पन इचारलं.” आणि हरभऱ्याचं बियाणं आणायचं म्हणून ते बैलगाडी जुंपायला गेले.