आजोबांनी सोडलेलं काम

धम्मदिना लोखंडे हट्टी आहे, हे भिवंडीतल्या तिच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक. राज्यशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे सुट्टी लागली की पगार बंद. पीएच.डी.ची मुदतवाढ घेऊन झालेली, हाताशी दोन महिने. या खेपेला समितीनं प्रबंध परत केला तर नोंदणी रद्द, आणि कायम नोकरीच्या नावानं आंघोळ! दुसरी कुणी असती तर केव्हाच हात टेकले असते.

तिचा विषय होता खारबावकडच्या गावांतला कोतवाल. तलाठ्याच्या हाताखाली नोटिसा पोचवणारा, दवंडी देणारा माणूस. आता त्याला महसूल सेवक म्हणतात. सातबारा ऑनलाइन झाला, घरोघरी मोबाइल आले, तरी हे पद जात का नाही?

धम्मदिनानं साठ माणसं गाठली. सगळ्यांचं एकच उत्तर, "पयल्यापासून हाय." तिनं तेच लिहून टाकलं, की लोकांना जुनी सवय सुटत नाही. तिच्या मार्गदर्शक वैशाली मॅडमनी अख्ख्या प्रकरणावर काट मारली.

"'पहिल्यापासून आहे' हे उत्तर कसं होईल? तो तर तुझा प्रश्न आहे. दुसरा रस्ता कधी मोकळा होता, तो का घेतला नाही, आणि नंतर मागे फिरणं महाग का होत गेलं, ते दाखव. तू घेतलेला ऐतिहासिक संस्थावादाचा सिद्धांत म्हणजे जुन्याच्या आरत्या नव्हेत गं बाई!"

राग आला. यायचाच. साठ मुलाखतींची माती झाली होती. घरी येऊन तिनं वडिलांपुढे, रामदासांपुढे, सगळी भडास काढली. रामदास पंचाहत्तरीचे, बोलणं अजून गावचंच.

"सवय कसली घेऊन बसलीस?" ते म्हणाले. "तुज्या आज्यानं सोडलंच ना ते काम! आपल्या घरान्याचं वतन हुतं. धम्म घेतला नि दुसऱ्या वर्षी सांगितलं, आजपास्नं दवंडी न्हाय, वेठ न्हाय. गावानं पानी तोडलं तरी हटला न्हाय."

"मग दवंडी कोण द्यायला लागलं?"

"थोडं दिवस कोनीच न्हाय. मंग वतनं गेली नि सरकारनं दुसऱ्याच घरच्या रघूला पगारी ठेवला." रामदासांचा आवाज खाली आला. "काम काय थांबलं न्हाय, पोरी. माजा बाबा येवढा लडला, पन फुकटच."

धम्मदिना ताडकन उठली. ज्यांची सवय, त्यांनीच ती मोडली होती, तरी पद उभंच! मग सवयीनं ते कसं टिकलं असेल?

दुसऱ्या दिवसापासून ती तालुक्याच्या जुन्या दप्तराच्या खनपटीलाच बसली. धुळीनं नाक गळायला लागलं, पण बाई हटली नाही. एकोणीसशे एकोणसाठ साली गावकामाची पिढीजात कनिष्ठ वतनं रद्द झाली, तेव्हा रस्ता खरंच मोकळा होता. नोटिसा टपालानं धाडता आल्या असत्या, ग्रामपंचायतीच्या शिपायावर काम टाकता आलं असतं. पण तलाठ्याचं सगळं काम हाताशी माणूस आहे असं धरूनच चालायचं. म्हणून पगारी कोतवाल आला. मग त्याच्या भरतीचे नियम, मानधन, संघटना, एकावर एक चढत गेलं. आता शेतात गोदामं झाली, जमिनी विकल्या गेल्या, फेरफाराच्या नोटिसा वाढल्या, तसा तो आणखीच लागायला लागला. त्याला काढायचं तर सगळी घडीच मोडावी लागेल, आणि ते कोण अंगावर घेणार?

समितीपुढे तिनं हे, आजोबांच्या नकारासकट, ठणकावून मांडलं. बाहेरून आलेले तज्ज्ञ मान हलवत ऐकत होते. मग त्यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

"म्हणजे तुमच्या आजोबांच्या नकारानं काहीच बदललं नाही?"

धम्मदिना डगमगली नाही.

"बदललं, सर. पद टिकलं म्हणजे जसंच्या तसं टिकलं असं नाही. आधी ते जन्मानं गळ्यात पडायचं, आता अर्ज करून मिळतं. गावाला नोटीस पोचवणारा माणूस लागतच राहिला. तो आमच्याच घरातून यायला हवा, हे मात्र संपलं. माझ्या आजोबांसारखे लोक गावोगाव आधी नाही म्हणाले, कायदा नंतर आला."

तज्ज्ञांनी वैशाली मॅडमकडे पाहिलं. "मंजूर. फक्त आजोबांचं पूर्ण नाव प्रकरणात घाला."

बाहेर येऊन तिनं वडिलांना फोन लावला. मंजूर झाल्याचं सांगितलं, समितीत काय बोलली तेही.

"बाबा, आजोबांचं पूर्ण नाव सांगा. छापायचंय."

"विठू," रामदास म्हणाले. "फुडं काय सांगू? वतनाच्या कागदात आडनाव नव्हतंच. नावाफुडं नुसती जात लिवलीय."

"माहीत आहे, पाहिलाय मी तो कागद," धम्मदिना म्हणाली. "मी विठू लोखंडे लिहितेय."