जनरेटरवाला येऊन गेला

सोसायटीत तिच्या माघारी तिला ‘ड्यूडेटबाई’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नाही. ती सोसायटीची मॅनेजर होती. आधी बरीच वर्षं एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून लोकांना सहा महिन्यांनी तपासणीला बोलवायचं काम तिनं केलं होतं. दात आणि पंप यांत तिच्या लेखी फार फरक नव्हता. दोन्ही दुखायला लागेपर्यंत कुणी त्यांच्याकडे बघत नाही.

इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात तिनं कॉम्प्युटरवर एक टेबल केलं. यंत्राचं नाव, किती दिवसांनी सर्व्हिस, शेवटची कधी झाली, पुढची कधी. लिफ्टला महिना, पाण्याच्या टाक्यांना सहा महिने, आग विझवायच्या सिलिंडरांना वर्ष. जनरेटरला सहा महिने किंवा अडीचशे तास, जे आधी भरेल ते. शेवटची तारीख भरली की पुढची आपोआप यायची. मुदत लांब असली तर ओळ हिरवी, जवळ आली की पिवळी, उलटली की लाल. महिन्याच्या सुरुवातीला त्याचा रंगीत कागद ती लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावायची. नवरा म्हणायचा, “घरातल्या कुकरची रिंग पण टाक त्यात, म्हणजे मला कळेल भात कधी बिघडणार.” तिनं टाकली नाही, पण विचार केला होता.

त्या दिवशी सकाळी ती ऑफिसात आली तेव्हा वीज कंपनीची चिठ्ठी टेबलावर पडलेली होती. केबलचं काम आहे, दहा ते पाच वीज बंद राहील. चिठ्ठी आदल्या संध्याकाळी आली होती आणि रात्रपाळीच्या वॉचमननं ती पेपरवेटखाली नीट ठेवली होती.

तिला पहिल्यांदा सहावा मजला आठवला. तिथल्या काकूंना चोवीस तास ऑक्सिजनचं मशीन लागायचं. मशीन विजेवर चालायचं. वीज गेली की जनरेटर, आणि जनरेटर म्हटलं की टेबल. तिनं ते उघडलं. जनरेटरची ओळ हिरवीगार होती. शेवटची सर्व्हिस दोन महिन्यांपूर्वीची, पुढची चार महिन्यांनी.

सात तास सलग चालायचंय म्हणून तासांचा आकडा बघून ठेवावा, एवढ्याच विचारानं ती खाली जनरेटरच्या खोलीत गेली. मीटर वाचला. मग इंजिनावर चिकटवलेला मेकॅनिकचा स्टिकर दिसला. सर्व्हिस केली की तो त्यावर तारीख आणि तास लिहून जातो. त्यावरची तारीख आठ महिन्यांपूर्वीची होती. तासांत वजाबाकी केली, तर अडीचशेचा आकडाही केव्हाच मागे पडला होता.

मग तिनं ऑइलची पट्टी ओढून पाहिली. पातळी ठीक होती, रंग डांबरासारखा.

गेटवर दिवसपाळीचा वॉचमन होता. वयानं मोठा, शब्दानं कमी.

“दादा, दोन महिन्यांपूर्वी जनरेटरवाला आला होता ना?”

“आला होता की.”

“काय केलं त्यानं?”

“बॅटरी बदलली. सेल्फ उचलत नव्हता, आठवतंय का?”

“मग तुम्ही मला सांगितलंत, सर्व्हिस झाली म्हणून.”

वॉचमननं थोडा विचार केला. “मी म्हटलं, जनरेटरवाला येऊन गेला. सर्व्हिस केली असं कुठं म्हटलं?”

तो म्हणत होता ते खरं होतं. लिफ्टवाला येऊन गेला, पंपवाला येऊन गेला, असं तो रोजच सांगायचा, आणि ‘येऊन गेला’ ऐकलं की ती ‘शेवटची सर्व्हिस’च्या रकान्यात तारीख टाकायची. लिफ्टवाला तर दर महिन्याला सर्व्हिसलाच यायचा, त्यामुळे त्यात कधी बिघडलं नव्हतं. जनरेटरवाला आला तो दुखणं बघायला, आणि तिनं तपासणी झाली असं लिहिलं. बाकीचं टेबलानं केलं. चार महिने पुढची तारीख, हिरवा रंग, सही कुणाचीच नाही.

तिनं मेकॅनिकला फोन लावला.

“मॅडम, मी दुसऱ्या टोकाला आहे. साडेअकरा तरी होतील,” तो म्हणाला. “चालवून बघा तोवर. पण फ्युएल फिल्टर जुना आहे. ओझं पडलं की दम लागेल त्याला.”

वीज कंपनीच्या ऑफिसातून उत्तर आलं की माणसं खड्ड्यात उतरलीत, आता काही होत नाही.

ती सहाव्या मजल्यावर गेली. दार काकांनी उघडलं. काकू खिडकीपाशी खुर्चीत होत्या, नाकाशी नळी, मांडीवर विणकाम. मशीनची घरघर दारापर्यंत येत होती.

“काका, आज दहाला वीज जाणार आहे. तुमच्याकडे जादाचा सिलिंडर आहे ना?”

“होता. मागच्या महिन्यात परत केला.” काका सहज बोलले. “म्हटलं, जनरेटरची सर्व्हिस झालीय, फळ्यावर हिरवं आहे. उगाच घरात बाटला कशाला, येता-जाता पायात येतो.”



“ती तारीख चुकीची होती, काका. माझी चूक. सर्व्हिस झालेली नाही. आत्ताच्या आत्ता सिलिंडर मागवा.”

काका चष्मा शोधायला लागले. तो कपाळावरच होता. फोन तिनंच लावला. दुकानदार म्हणाला, गाडी निघतेय, अकराच्या आसपास पोचेल.

खुर्चीतून काकूंनी विचारलं, “नळी काढली तर मी किती वेळ चालेन, असं विचारायचंय का कुणाला?”

“कुणालाच नाही,” काका म्हणाले.

“दहा मिनिटांत ओठ निळे पडतात. नर्सनं पाहिलंय. माहिती असावी म्हणून सांगितलं.” त्यांनी पुढचा टाका घातला.

खाली उतरताना ती जिन्यानंच उतरली. दोन्ही लिफ्ट तळमजल्यावर आणून, आत कुणी नाही हे बघून बंद करायला लावल्या. पाण्याचा पंप बंद, तळघरातले पंखे बंद, क्लबहाउसची लाइन बंद. सगळ्या घरांना निरोप गेला की एसी, गीझर, इस्त्री काही लावू नका. मग जनरेटर चालवून पाहिला. रिकामा होता तेव्हा तो छान चालला. रिकामा कोण चालत नाही?

सेक्रेटरी खाली आले ते लिफ्ट बंद का म्हणून विचारायला.

“टेबलात हिरवं दाखवतंय,” ते फोन पुढे करत म्हणाले. “मग ही धावपळ कशाला?”

“टेबल खोटं आहे. मीच भरलंय.”

“हे मोठ्यानं बोलू नका,” सेक्रेटरी म्हणाले आणि स्वतःच हळू बोलायला लागले.

दहाला वीज गेली. जनरेटर स्वतःहून सुरू झाला. ओझं घेतलं, आवाज जाड झाला आणि तसाच टिकला. ती खोलीच्या दाराशी उभी राहून नुसती ऐकत होती. साडेदहापर्यंत आवाज सरळ होता. मग तो वर-खाली व्हायला लागला. लांबवर कुणी गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सोडतोय, दाबतोय, सोडतोय, तसा. व्हरांड्यातले दिवे त्याच तालावर मंद-तेज होऊ लागले.

“दादा, सगळ्या घरांचे स्विच पाडा. सहावा मजला सोडून.”

“लोक ओरडतील.”

“ओरडू देत. माझं नाव सांगा.”

लोक ओरडले. इंजिन जरा सावरलं.

सिलिंडरची गाडी आणि मेकॅनिकची मोटरसायकल मागेपुढेच आली. मेकॅनिकनं कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. “डिझेल पुरत नाहीये त्याला. फिल्टर बदलतो. पण त्यासाठी बंद करावं लागेल. हवा काढायची असते, अर्धा तास धरा.”

“आधी सिलिंडर वर जाऊ दे,” ती म्हणाली.

गाडीवाल्यानं सिलिंडर खांद्यावर घेतला आणि लिफ्टपाशी जाऊन उभा राहिला. “चालू करा की. सहा मजले आहेत.”

तिनं मेकॅनिककडे पाहिलं.

“लिफ्टनं पहिला झटका घेतला की हे बसणार,” मेकॅनिक म्हणाला. “लिफ्ट अडकेल, बाटला अडकेल आणि वरचं मशीनही बंद.”

“जिन्यानं,” ती म्हणाली.

गाडीवाला कुरकुरला, पण निघाला. दर दोन मजल्यांवर वॉचमन आणि तो खांदा बदलत होते. ती पुढे, हातात नळी-मीटरची पिशवी आणि सिलिंडरची किल्ली. चौथ्या मजल्यावर जिन्यातला दिवा मंदावत मंदावत पार विझायला आला, आणि तिघंही पाय उचलायचे थांबले. दिवा परत तेजाळला.

काका दार उघडं टाकून उभे होते. गाडीवाल्यानं मीटर बसवला, किल्लीनं सिलिंडर उघडला, काटा वर चढला. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या आकड्यावर त्यानं मीटरमधली गोळी आणली. काकूंनी स्वतःच एक नळी काढून दुसरी लावली. घरात एकाएकी शांत वाटलं, कारण काकांनी मशीन बंद केलं होतं.

“येतोय?” काकांनी विचारलं.

“येतोय. तुम्ही बसा आता.”

तिनं खिडकीतून खाली हात केला. मेकॅनिकनं जनरेटर बंद केला.

पुढचा अर्धा तास ती काट्याकडे बघत बसली. काकूंनी दोन ओळी विणल्या. मग खालून घरघर आली. एकदा अडखळली, दुसऱ्यांदा धरली, आणि या वेळी आवाज सरळ राहिला.

ती खाली आली तेव्हा सेक्रेटरी मेकॅनिकशी बोलत होते. तिला बघून ते मोकळेपणानं हसले. “चला, सुटलो. आजची तारीख टाका टेबलात आणि विषय संपवा. कमिटीपुढं कशाला न्यायचं? आता झालीच ना सर्व्हिस.”

ती मेकॅनिककडे वळली. “भाऊ, काय काय केलंत?”

“फ्युएल फिल्टर.”

“ऑइल?”

“ऑइल नाही. एअर फिल्टर नाही, कूलंट नाही. चालू इंजिनाचं काय करणार? ते सोमवारी.”

“रिपोर्ट द्या. जेवढं केलंत तेवढंच लिहा.”

“बॅटरी बदलली तेव्हाही मागितला असता तर दिला असता, मॅडम.”

“मागितला नाही. आता देता का?”

त्यानं दिला. तिनं ऑफिसात जाऊन टेबल उघडलं. ‘शेवटची सर्व्हिस’च्या रकान्यातली दोन महिन्यांपूर्वीची तारीख पुसली आणि स्टिकरवरची घातली. ओळ लाल झाली. सेक्रेटरी मागे उभे होते.

“हे फळ्यावर लावणार तुम्ही?”

“हो.”

“लोक काय म्हणतील?”

“विचारतील. मग सांगेन.”

“बाई, तुमचं काँट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय.”

“ती तारीख मला माहीत आहे,” ती म्हणाली आणि छापायचं बटण दाबलं.

वीज आल्यावर लिफ्ट सुरू झाल्या. काका सिलिंडरची पावती घेऊन खाली आले होते. कागद लावताना ते तिच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि लाल ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. ती थांबली. काही तरी ऐकून घ्यायची तयारी तिनं जिना उतरतानाच केली होती.

“सोमवारी होणार म्हणता?”

“सोमवारी तो येईल. झाली की नाही ते मी उभी राहून बघेन, मग सांगेन.”

काकांनी पावतीची घडी घातली. “मग बाटला राहू दे घरात,” ते म्हणाले. “सोमवारनंतरही.”

तिनं चौथी टाचणी लावली.