चारच्या आधीची मोकळी जागा

घणसोली गावात पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत सकाळी साडेसहाला एक वर्ग भरतो. दहावीचा. पण तिथे येणाऱ्यांपैकी कुणीच पंधरा-सोळा वर्षांचं नाही. वॉचमन आहेत, पोळीभाजी केंद्रातल्या बायका आहेत, आणि त्यांना शिकवायला अख्तरुन्निसाबाई. मूळच्या उरणजवळच्या मोऱ्याच्या. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या आणि घरी बसून कंटाळल्या, म्हणून हा उद्योग. फी नाही. उशीर मात्र चालत नाही.

या वर्गातला सगळ्यात शांत विद्यार्थी म्हणजे अंकुश. वय अडतीस. लादी बसवणारा कारागीर. हिंगोलीकडच्या खेड्यातून चौदाव्या वर्षी मामाबरोबर आला, तेव्हापासून नवी मुंबईतल्या किती घरांत त्याने फरशी घातली, त्याचा हिशेब त्यालाही नाही. उंची बेताची, गुडघे मात्र कामामुळे घट्टे पडून दगडासारखे झालेले. वर्गात मांडी घालून बसायला सांगितलं की तो उकिडवाच बसायचा. त्याला तेच आरामाचं वाटायचं. शाळेत असताना गणिताच्या गुरुजींनी त्याला एकदा सांगितलं होतं, "तुझ्या डोक्यात लादी भरलीय." गंमत अशी की गुरुजींचं भाकीत शब्दशः खरं ठरलं, फक्त त्यात अपमान काहीच नव्हता, हे गुरुजींना कधी कळलं नाही.

अंकुशला दहावी व्हायचं होतं. त्याचा ठेकेदार म्हणाला होता, दहावीचा दाखला आण, सुपरवायझर करतो. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण त्याने बाईंना एकदाच सांगितलं होतं, तेही खाली बघत. "मॅडम, ते एक्सचं काय असतं ते एकदा कळलं पायजे. न कळता मरायचं नाय."

आता बाईंची एक जुनी जखम सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी मानसिंग नावाचा रिक्षावाला वर्गात यायचा. त्याने एकदा व्हॉट्सॲपवर एक समीकरण पाठवलं, अर्धवट. बरोबरच्या चिन्हापुढे काहीच नाही. बाईंनी शाळेतल्या सवयीने उत्तर दिलं, 'प्रश्न पूर्ण पाठवा.' त्यात चूक काहीच नव्हती. पण मानसिंगला वाटलं, आपल्याला साधा प्रश्नही उतरवता येत नाही. तो पुन्हा आला नाही. रस्त्यात दिसला तरी रिक्षा दुसऱ्या गल्लीत घालायचा. मोठ्या माणसाला शिकवणं म्हणजे फार जपून चालणं असतं. ज्याने धीर करून विचारलं, त्यालाच उलट विचारलं की तो धीर पुन्हा गोळा होत नाही. तेव्हापासून बाईंनी ठरवलं होतं, यापुढे कुणाला परत पाठवायचं नाही. अर्धं आलं तर आपण पुरं करून घ्यायचं.

आणि शनिवारी दुपारी अंकुशचा फोटो आला.

सिमेंटच्या गोणीचा कागद. त्यावर मिस्त्री लोकांच्या जाड पेन्सिलीने एकच ओळ. एक्सचा वर्ग, अधिक चार एक्स, मग बोटभर मोकळी जागा, मग चार. संपलं. चारच्या आधी चिन्ह नाही, शेवटी बरोबर नाही, सोबत एक शब्द नाही.

बाई जेवून उठल्या होत्या. फोटो मोठा करून बघितला. वाटलं, पेन्सिल उमटली नसेल. कागदाला घडी होती, त्या घडीत अधिकचं चिन्ह गेलं असेल. आणि अधिक चार धरलं की काय सुंदर जमतं सगळं! एक्स अधिक दोनचा पूर्ण वर्ग. बरोबर शून्य तर गृहीतच. वर्गसमीकरणाचा धडा चालू होता, त्यातली बहुतेक गणितं शून्याशीच संपतात. विचारावं का, असं एकदा मनात आलं. बोट अक्षरांवर गेलंही. पण मानसिंगची रिक्षा डोळ्यांपुढून वळून गेली आणि बोट मागे आलं. त्यांनी सुवाच्य अक्षरात गणित सोडवलं, फोटो काढला, पाठवला. 'दोन्ही मुळे समान. x = −2.' वर शाबासकीचा अंगठा.

बाईंनी आपलंच घोडं दामटलं होतं, पण ते त्यांना कसं कळावं? उत्तर तर बरोबर होतं. फक्त ते अंकुशच्या प्रश्नाचं नव्हतं.

तासाभराने त्याचा निरोप आला. 'ठीक आहे मॅडम. माझंच चुकलं. गणिताचा पेपर देत नाही आता. माझ्याच्यानं होणार नाही. राग मानू नका.'

बाई हातातला चहा तसाच ठेवून बसल्या. फोन केला, त्याने उचलला नाही. त्यांनी पुन्हा तो कागद मोठा केला. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, घडी चारच्या आधी नव्हतीच. घडी होती कागदाच्या खालच्या कडेला. मोकळी जागा मोकळीच होती. अंकुशने ती सोडली होती. लादीवाला दोन लाद्यांमध्ये फट सोडतो ती मोजून, असंच सोडत नाही. आपण ती बुजवली, विचारलंसुद्धा नाही. बाईंना मनापासून लाज वाटली.

रविवारी सकाळी त्या गिरणीवाल्याला पत्ता विचारून निघाल्या. अंकुश गावठाणाच्या टोकाला बुद्धविहाराच्या दालनात लादी बसवत होता. वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढली होती आणि मजुरी अंकुशची सेवा म्हणून होती. दालनात सगळीकडे धूळ. एका कोपऱ्यात कमळ कोरलेल्या चार लाद्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या. मधोमध अंकुश उकिडवा, हातात गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं ते लोखंडी हत्यार. बाईंना बघून तो गडबडून उभा राहिला. हात पँटला पुसले.

"मॅडम, तुमी कशाला आलात? मीच येणार होतो सांगायला."

"सांगायला नको. मी विचारायला आलेय," बाई म्हणाल्या. "काल विचारायला हवं होतं, ते आज. चारच्या आधी जागा का सोडली होती?"

अंकुशने त्यांच्याकडे बघितलं. एवढी वर्षं लोकांनी त्याला चूक दाखवली होती, चुकीमागचं कारण कुणी विचारलं नव्हतं.

"कारण मलाच नव्हतं म्हाईत, मॅडम. तिथं काय टाकायचं तेच तर विचारायचं होतं."

आणि मग त्याने जमिनीकडे बोट केलं. दालनाच्या मधोमध मोठा चौकोन बनवायचा होता. सिमेंट घालण्याआधी लाद्या कोरड्या मांडून बघतात, तशा त्याने मांडल्या होत्या. फूटभर लांबी-रुंदीच्या. आतला चौकोन, त्यातल्या लाद्यांवरच्या नक्षीच्या रेषा उभ्या. त्याच्या चारी बाजूंनी एकेक लादीचा काठ, त्यांच्या रेषा आडव्या, लुगड्याला काठ असतो तसा. आणि काठाचे चारी कोपरे रिकामे.

"आत एका ओळीत किती, ते एक्स," अंकुश म्हणाला. आता त्याचा आवाज बदलला होता, कामावरचा झाला होता. "मग आत एक्स गुणिले एक्स. काठाला एका बाजूला एक्स, अशा चार बाजू. चार एक्स. लाद्या आल्यात एकशेचाळीस. एकपण जास्त नाय."

"एकशेचाळीस लिहिलं का नाहीस?" बाईंच्या तोंडून 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, त्यांनाही कळलं नाही.

"लिहायचं कशाला? समोर रचून ठेवल्या होत्या की."

बरोबरच्या चिन्हापुढची ती अख्खी बाजू काल भिंतीला टेकून उभी होती, म्हणून कागदावर आली नव्हती. बाईंना हसू आलं.

"आणि हे चार कोपरे," अंकुश पुढे म्हणाला. "तिथं कमळं बसणार. ती एकशेचाळीसमधली नायत. मग अधिक लिहू का वजा लिहू? ह्या लाद्यांत ती धरायची का नाय? हे कळंना. पण एक दिसत होतं. कमळं नाय ठेवली तर चौकोन कोपऱ्यात तुटतो. ठेवली की पुरा होतो. मांडून बघितलं तर आत एका ओळीत दहा बसतात. उत्तर दहा आहे, हे मला म्हाईत होतं. लिहून पण दहाच यायला पायजे होतं. तुमी वजा दोन पाठवलं. वजा दोन लादी कशी मांडायची, मॅडम? मग वाटलं, लिहायचं गणित आपल्यासाठी नाय."

अख्तरुन्निसाबाई खाली बसल्या. धुळीत, चांगल्या ड्रेसवर. एकतीस वर्षं त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं: मधल्या पदाच्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग दोन्ही बाजूंना मिळवा. चारचा निम्मा दोन, दोनचा वर्ग चार. हजारो मुलांकडून त्यांनी ते घोकून घेतलं होतं. पद्धतीचं नाव पूर्ण वर्ग. पण तो वर्ग मुळात अपूर्ण कुठे असतो, हे त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आज त्याचे चार रिकामे कोपरे पावलाच्या अंतरावर होते. तुटके, सिमेंटची वाट बघत बसलेले. दहावी न झालेल्या माणसाने, कुणी न शिकवता, गुडघ्यांवर बसून ते शोधून काढलं होतं, आणि बरोबर तिथे पेन्सिल उचलून जागा सोडली होती. जिथे थांबायला हवं तिथे थांबला होता. त्यांना एकदम फार लहान वाटलं आणि फार बरं वाटलं. देवाच्या दारात गेल्यावर वाटतं तसं.

त्यांनी हात पुढे करून एका रिकाम्या कोपऱ्यावर ठेवला. अंकुशला वाटलं, झालं, पुन्हा गोंधळ.

"चुकलं का, मॅडम?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मी चुकले. तू बरोबर होतास. न विचारता सोडवायला नको होतं." त्यांनी पेन्सिल मागितली. मग विचार बदलून ती त्याच्याच हातात परत दिली. "लिही. लाद्या एकशेचाळीस. आता कमळं ठेव. इकडे चार आले, तर तिकडेही चार द्यायला लागतात."

अंकुश कोरड्या कोब्यावर लिहू लागला. एक्सचा वर्ग अधिक चार एक्स बरोबर एकशेचाळीस. मोकळ्या जागेशी आल्यावर तो थबकला, मग दोन्हीकडे अधिक चार लिहिलं. उजवीकडे एकशे चव्वेचाळीस झाले. त्याने मान वर न करता स्वतःशीच म्हटलं, "बाराचा वर्ग." मग मांडलेल्या लाद्यांवरून बोट फिरवत मोजलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. बारा. खाली लिहिलं, एक्स अधिक दोन बरोबर बारा. एक्स बरोबर दहा.

"वजा बारापण येतं," बाईंची जित्याची खोड. "मग एक्स वजा चौदा."

"ते पेपरात लिहू," अंकुश म्हणाला, "आणि खाली लिहू की लादी वजा नसते."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. काल पेपर देत नाही म्हणाला होता तो हाच माणूस. आपण काय बोललो ते त्यालाही ऐकू आलं असावं, कारण तो लाजून हसला.