जड झालेलं स्टिअरिंग

साठी ओलांडली आणि जुनी जीप लावताना स्टिअरिंग जड लागायला लागलं. वळवलं की पुढून घूं घूं आवाज यायचा. चालत्या गाडीत मात्र हलकं वाटायचं. माझेच हात थकले, असं मी धरून चाललो आणि ते उघडं पडू नये म्हणून बायकोला गाडी लावू देईना.

तिनंच मला जीपसकट अंबाजोगाईच्या मिस्त्रीकडं नेलं. त्यानं स्टिअरिंगच्या डबीतलं तेल पाहिलं, ते पुरेसं होतं. स्टिअरिंगचा पंप फिरवणारा पट्टा दाबला तर ढिला, गुळगुळीत झालेला.

"गाडी लावताना जोर लई लागतो. तवाच पट्टा घसरतोय, सर."

नवा पट्टा घातल्यावर स्टिअरिंग थोडं हलकं झालं, पण आवाज राहिला.

"मग पंप बी झिजलाय."

पंप बदलल्यावर आवाज थांबला. मी किल्ली बायकोच्या हातात दिली. पहिल्याच वळणात तिनं जीप नीट लावली.