आधी चांद की लाल तारा

सोमाजीबुवांना बोलतं करणं सोपं, गप्प करणं अवघड, हे आरमोरीकडच्या त्या जंगलकाठच्या गावाला चांगलंच ठाऊक. बुवांची शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण धानाच्या मचाणीवर, रानडुकरं हाकलता हाकलता, आभाळाखाली.

त्या दुपारी शाळेच्या खोलीत वनहक्क दाव्याची चौकशी सुरू होती. दावा मंगलीबाईचा, नाल्याकाठच्या दीड एकर धानबांदीचा, बांध घातलेल्या भातशेताचा. २००५ च्या आधीपासून ती जमीन कसते, याचा पुरावा एकच : बांधावर तिच्या नवऱ्याच्या, वारलूच्या, मयतीला रोवलेला दगड. मोह वेचायला गेलेल्या वारलूला अस्वलानं मारलं, ते त्या सालाच्या आधीचं. मयतीला सोबत असलेले दोघंच हयात, सोमाजी आणि झाडू. चौकशीला आलेल्या साहेबानं दोघांना वेगवेगळं बोलावलं होतं. झाडूची साक्ष होऊन तो बाहेर बोअरिंगच्या हातपंपापाशी बसला होता.

"बुवा, तुम्ही सांगता फाल्गुन वद्य पंचमी. झाडूबुवा सांगतात चैत्र कृष्ण पंचमी," साहेब म्हणाला. "महिन्याची तफावत. महिना जुळत नाही, तर सालावर कसा विश्वास ठेवू? मी दावा परत पाठवतो."

भिंतीशी बसलेल्या मंगलीबाईनं पदर तोंडाशी धरला.

"साहेब, दोघंही खरं बोलून राह्यलो," सोमाजी म्हणाले. "झाडू छत्तीसगडचा. घरजावई होऊन इथी आला. आपला महिना अमावास्येले सरते, त्यायचा पुनवेले. उजेडाचा पंधरवडा दोघायचाही त्याच नावाचा. अंधारा मात्र आपण मागच्या महिन्यात धरतो, ते पुढच्यात. होळीच्या दुसऱ्या दिवसापासून त्यायचा चैत लागते."

"हे तुम्ही आता जुळवून सांगताय."

"जुळवाले महिन्याचं नाव काय मी ठेवलं? पुनवेचा चांद ज्या नक्षत्रापाशी, त्याचं नाव महिन्याले. चित्रापाशी तो चैत्र, विशाखापाशी वैशाख. मोहफूल, तेंदूपान याच दिवसांत. ज्येष्ठेपाशी ज्येष्ठ, अन् पूर्वा-उत्तरा आषाढापाशी आषाढ. ऊन तापून धानाच्या रोवणीकडे. श्रवणाचा श्रावण, दोन भाद्रपदांचा भाद्रपद, पाण्याचे. अश्विनीचा आश्विन, कृत्तिकेचा कार्तिक. धान निसवते, पिकते. मृगशीर्षाचा मार्गशीर्ष, पुष्याचा पौष, थंडीचे. मघेचा माघ, फाल्गुनीचा फाल्गुन. पानं गळतात, पळस फुलते. एखाद्या साली चांद एक घर मागंपुढं सरकते, पण आसपासच राहते."

"आणि ऋतू सरकत नाहीत?"

"सरकतात ना. चांदाचं साल अकरा दिवस आखूड. म्हणून अडीच-पावणेतीन सालानं अधिक महिना घालतात. त्याची एक गोष्ट आहे, माझ्या आज्यानं…"

"गोष्ट नको, बुवा. तेव्हा मोह गळत होता, एवढं तरी नक्की?"

"तो दोन्ही महिन्यांत गळते, साहेब. त्यानं काही ठरणार नाई." बुवांनी खांद्यावरचा गमछा काढून हातात घेतला. मग हळू म्हणाले, "चांदानं ठरन. त्या राती आमच्यापाशी कंदील नव्हता. वारलूले झोळीत घेऊन चांद निघायची वाट पाह्यली. माझ्या म्हणण्यानं चांद आधी निघाला, विंचवातला लाल तारा, ज्येष्ठा, मागून. आपल्या चैत्राची वद्य पंचमी असती, तर लाल तारा आधी अन् चांद मागून. तुमी झाडूले विचारा. मी तोंड उघडणार नाई."

साहेबानं भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली. रोजचं नक्षत्र चौकटीत छापलेलं. फाल्गुन वद्य पंचमीला अनुराधा. एक पान उलटलं. चैत्र वद्य पंचमीला मूळ. ज्येष्ठा दोहोंच्या मधोमध : फाल्गुनात चांद तिच्या आधी, चैत्रात तिच्या मागून. त्यानं पान दुमडून दिनदर्शिका पालथी ठेवली.

"झाडूबुवांना बोलवा."

झाडू काठी टेकत आला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बावीस वर्षांपूर्वीचं आभाळ या डोळ्यांमागं उरलं असेल का? सोमाजींनी गमछा तोंडात धरला. हसलं तरी खूण होईल, खोकलं तरी.

"त्या रात्री चांद कधी निघाला?"

"मोठ्या उशिरा निघाला, साहेब."

"आणखी काय दिसलं?"

झाडूनं काठी मांडीवर आडवी घेतली. खिडकीतून बोअरिंगच्या दांड्याची कुरकुर येत राहिली. मंगलीबाई जमिनीकडे बघत होती. सोमाजींच्या जिभेवर सगळी रात्र उभी राहिली, आणि त्यांनी दात गमछ्यात रुतवले.

"वारलू जड होता," झाडू म्हणाला. "चांद निघाला तशी झोळी उचलली. सोमाजी रस्ताभर बडबडत होता, भेव वाटू नये म्हणून. नाल्यावर खांदा बदलला. तवा म्या म्हटलं, पाह्य, विंचवाचा लाल डोळा आता वर आला."

"चांद निघाल्यावर?"

"मंग. चांद तर झाडाच्या वर गेला होता."

साहेबानं दिनदर्शिका उलटून पुन्हा एकदा पाहिली. पेनाचं टोपण काढलं आणि झाडूच्या जबाबात चैत्र कृष्ण पंचमीपुढं लिहिलं : म्हणजेच मराठी फाल्गुन वद्य पंचमी, साक्षी जुळतात.

"तोंडातला गमछा काढा, बुवा. सही करा. झाडूबुवा, तुमचा अंगठा."

शाईचा डाग पुसत झाडूनं विचारलं, "काऊन रे, आज एवढा गप्प?"

साहेब टेप घेऊन उठला. "बाई, दगड दाखवता? मोजणी आजच करू."

मंगलीबाईनं चपला हातातच घेतल्या आणि सगळ्यांच्या पुढं बांधाकडे निघाली.