पांढरे चौकोन

आलापल्लीकडच्या जंगलात वणव्यांवर नजर ठेवणाऱ्या एका ऑफिसात मी नेटवर्क सांभाळत होते. मोहफुलं पडायचे दिवस होते. सागाची पानं गळून गेली होती आणि दुपारच्या उन्हात सगळं रान झोपेत चालल्यासारखं वाटायचं. ऑफिसही तसंच. इंटरनेटवरचं एखादं पान उघडायला सांगितलं की पडद्यावर ते लहानसं वर्तुळ फिरत राहायचं, फिरत राहायचं, आणि माणसं त्याच्याकडे बघता बघता कुठेतरी हरवून जायची.

थोड्याच दिवसांपूर्वी नागपूरच्या मुख्य ऑफिसातून नवा फायरवॉल आला होता. सगळं इंटरनेट त्याच्यातूनच यायचं. तो प्रत्येक पान मध्येच अडवायचा, कुलूप उघडून आतलं तपासायचा, पुन्हा कुलूप लावायचा आणि मग पुढे सोडायचा. मला कामाचा रेटा नसता, तर ती वाट पाहणं आवडलंही असतं. खिडकीतून वाळलेल्या पानांचा आवाज यायचा, लांबून मोहाचा गोडसर वास यायचा.

आगीचा नकाशा बघायला एक भाऊ बसायचे. निवृत्तीला आलेले, जंगलात वनरक्षक म्हणून आयुष्य काढलेले. उपग्रहाने टिपलेले आगीचे ठिपके त्या नकाशावर उमटायचे. ते बघून भाऊ फोन करून त्या भागातल्या पथकाला आगीकडे पाठवायचे. नकाशा लहान लहान चौकोनी तुकड्यांनी भरत जायचा. आता मात्र बरेच चौकोन पांढरेच राहायचे.

"बाई, हे काऊन उघडत नाई? मी कवाचा पाहून राह्यलो," ते म्हणायचे.

"येईल भाऊ. लाइन मंद असेल," मीही म्हणायचे, कारण तेव्हा मला तसंच वाटत होतं.

मग एका दुपारी फोन वाजला. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मोहाखालची पानं कुणीतरी जाळली होती, आग पुढे सरकली होती आणि बांबूच्या रानात शिरली होती. फोन पहाऱ्यावरच्या वनरक्षकाचा होता. भाऊंनी पडद्याकडे पाहिलं. नेमका तोच चौकोन पांढरा.

"तिकडं रान जळून राह्यलं अन् इथी आपल्याले काहीच दिसत नाई!" ते उभे राहिले.

पथक पोचलं, आग विझली, कुणाला इजा झाली नाही. पण बांबूचं एक मोठं बेट काळं पडलं.

दुसऱ्या दिवशी मी परवानगी काढली आणि माझा लॅपटॉप फायरवॉलच्या अलीकडे न लावता थेट बाहेरच्या लाइनला जोडला. नकाशा क्षणात भरला. म्हणजे लाइन चांगली होती. मग तोच लॅपटॉप ऑफिसच्या आतल्या बाजूला आणला, आणि प्रत्येक तुकड्याला किती वेळ लागतो ते ब्राउझरमध्ये पाहिलं. सगळा वेळ पहिलं अक्षर येण्याआधीच जात होता. नकाशाचे तुकडे निरनिराळ्या सर्व्हरवरून यायचे. त्या प्रत्येक सर्व्हरचं नाव धोक्याचं की बिनधोक, हे फायरवॉल दूरच्या एका सर्व्हरला विचारायचा, उत्तर लगेच विसरायचा आणि पुन्हा विचारायचा. शिवाय प्रत्येक तुकड्याचं कुलूप उघडून आत बघायचा. एवढ्याशा यंत्राची दमछाक होत होती.

मी नागपूरला फोन केला. तिथल्या सुरक्षा पाहणाऱ्या बाई शांत, ठाम होत्या.

"तपासणी बंद करता येणार नाही. एकाला सूट दिली तर उद्या सगळे मागतील."

"सगळ्यांसाठी नको. फक्त या नकाशाच्या सर्व्हरना. नाव तपासा, पण आतलं उघडू नका. आणि उत्तरं थोडा वेळ लक्षात ठेवू द्या." मी बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही पडद्यांची चित्रं त्यांना पाठवली आणि कालच्या आगीबद्दल सांगितलं.

त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून पाहिली. मग विचारलं, "काय जळलं?"

"बांबू. आणि भाऊंना रात्रभर झोप नाही."

संध्याकाळच्या आत बदल झाला. भाऊंनी नकाशा उघडला आणि तो एकदम, नितळ पाण्यात आकाश दिसावं तसा, पूर्ण दिसला. ते मागे सरकले.

"आता कसं पाहू? डोळ्यांले सवय नाई राह्यली," ते हळूच हसले.

पुढच्या आठवड्यात एक ठिपका दिसला. उपग्रहाची खबर मुळात उशिराच येते, म्हणून इकडे क्षणही वाया घालवायचा नसतो. भाऊंनी फोन लावला. पथक हिरव्या फांद्या घेऊन पोचलं तेव्हा आग अजून पानांतच रेंगाळत होती. त्यांनी ती झोडपून विझवली.

फोन ठेवून भाऊ बराच वेळ खिडकीत उभे होते. ऊन उतरलं होतं. सागाच्या उघड्या फांद्यांतून वारा येत होता, आणि त्यात धुराचा वास नव्हता.