रुख्माबाईचा एकटा हात

स्वतःचीच खोटी हजेरी भर ग्रामसभेत खोडायला लावणारी बाई तुम्ही पाहिली आहे का?

आमच्या गावात रुख्माबाई आहे. रोजगार हमीतून खोदलेल्या बोडीचं, म्हणजे छोट्या तळ्याचं, सामाजिक अंकेक्षण होतं. तपासणीसाठी नेमलेला मी हजेरीपट वाचत होतो; रुख्माबाईच्या नावापुढे सहा दिवस होते.

ती उठली. “ते सहा दिवस मी जंगलात तेंदूपत्ता तोडून राहिली होती. खोडा ते.”

रोजगारसेवक हसला. “हजेरी तं तुयीच लागली ना? मंग कायले बोंबलतेस?”

“हजेरी खोटी, तं खोदलं कोणी? मंग चाल, बोडी मोज!” रुख्माबाई म्हणाली.

सगळे बोडीवर गेलो, टेप लावला. मोजमाप पुस्तिकेत खोली दीड मीटर, जागेवर जेमतेम एक.

“आणखी कोणाची हजेरी खोटी आहे? हात वर करा,” मी म्हणालो. वर फक्त रुख्माबाईचा हात. चाळीस माना खाली गेल्या. भेकड साले!

आता पंचायतीत रुख्माबाईचा कामाचा अर्ज कोणी घेत नाही.

तुमच्या गावात अशी बाई उठली, तर तिच्या बाजूला उभे राहा आणि हात वर करा.